काऊचा पाव: चिमुकल्यांच्या चित्रपुस्तकासाठी पानागणिक एक कडवं

प्रश्न: दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक लिहिते आहे. कावळ्याला पाव मिळतो आणि तो सगळ्यांना वाटतो: चिमणी, खार, बेडूक, कुत्र्याचं पिल्लू, मुंगी. प्रत्येक पानावर एक कडवं, अशी चौदा कडवी झालीत. यमक जुळलंय, मात्राही मोजल्या, जवळजवळ सारख्या आहेत. तरी मोठ्याने वाचताना अडखळतं, आणि घरच्यांना ते उपदेशासारखं वाटतं. पहिलं कडवं देते:

एक होता कावळा काळा काळा छान,
त्याला मिळाला एक पाव मोठा महान.
तो म्हणाला, वाटून खाऊ या सारे,
वाटून खाणारेच असतात मित्र खरे.

नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमची मोजणी बरोबर आहे. ओळी अनुक्रमे २३, २३, २२ आणि २३ मात्रांच्या भरतात. म्हणजे अडचण बेरजेची नाही, टाळीची आहे. लहान मुलांसाठी वाचताना आपण नकळत दर चार मात्रांनी एक ठोका देतो, मांडीवरचं मूल त्याच ठोक्यावर डुलतं. आता तुमच्या दुसऱ्या ओळीवर टाळी धरून बघा. पहिली टाळी ‘त्या’वर पडते, दुसरी ‘मि’वर. इथवर छान. तिसरी मात्र ‘मिळाला’तल्या ‘ला’च्या मधोमध येते, कारण ‘मिळाला’ पाच मात्रांचा आहे. पहिल्या ओळीत तर दुसरीच टाळी ‘होता’तल्या ‘हो’च्या पोटात शिरते. जीभ तिथे क्षणभर थांबते, पुढचे शब्द घाईने उरकते, आणि ऐकणाऱ्याचं डुलणं तुटतं. तुम्ही लिहिताना मनात एक चाल धरलेली असते म्हणून तुम्हाला ते कमी जाणवतं. पुस्तक पहिल्यांदा हातात घेणाऱ्या आजोबांकडे ती चाल नसते.

म्हणून ओळ लांब ठेवून बेरीज जुळवण्यापेक्षा छोटी ओळ घ्या: आठ मात्रा आणि आठ मात्रा, चार टाळ्या. आपल्या छंदशास्त्रात या सोळा मात्रांच्या ओळीला पादाकुलक म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. प्रत्येक टाळी एखाद्या अक्षराच्या सुरुवातीला पडली पाहिजे, आणि शक्यतो शब्दाच्या सुरुवातीला, एवढंच सांभाळायचं. तुमचं पहिलं कडवं मी आधी असं केलं:

फांदीवरती बसला काऊ,
चोचीमध्ये आहे खाऊ.

फांदी, वरती, बसला, काऊ. चोची, मध्ये, आहे, खाऊ. ‘मध्ये’तला ‘म’ एरवी लघु, पण पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो, म्हणून तिथेही चार मात्रा भरतात. ‘कावळा’चा ‘काऊ’ केला, कारण या वयाची मुलं त्याला काऊच म्हणतात, शिवाय पाच मात्रांचा अवघड शब्द जाऊन चारांचा सोपा आला. ‘छान’ आणि ‘महान’ हे शब्द केवळ यमकासाठी आलेले होते, तेही गेले.

तरीही या कडव्यात एक चूक राहिली होती, आणि ती मात्रांची नव्हती. चोचीत पाव असेल तर काऊ काव काव करणार कसा? मोठ्यांना हे खटकणार नाही, पण चित्र काढणाऱ्याची पंचाईत होते. पुढच्या पानावर चोच उघडी दाखवायची, मग पाव कुठे गेला? खरा कावळा मोठा तुकडा पायाखाली दाबून धरतो आणि चोचीने तोडून खातो. मग दुसरी ओळ झाली ‘पायाखाली आहे खाऊ’. मात्रा तेवढ्याच, चोच मोकळी झाली आणि चित्रही खरं झालं.

मात्रा मोजताना आणखी एक गोष्ट सांभाळा. कागदावरची मात्रा आणि जिभेवरची मात्रा नेहमी सारखी नसते. ‘केवढी’ हा शब्द लिहिताना पाच मात्रांचा, पण आपण म्हणतो ‘केव्-ढी’, म्हणजे चार. ‘शेपटी’, ‘थांबली’, ‘एवढा’ यांचंही तसंच. वृत्तात बांधलेल्या मोठ्यांच्या कवितेत हे खपवून घेणार नाहीत, पण इथे पुस्तक वाचलं जातं ते बोलण्याच्या मराठीत. माझ्या मसुद्यात चिमणीच्या ओळीत ‘भारी घाई’ होतं, कारण ते कागदावर नेमकं आठ भरतं. तोंडात मात्र ‘केवढी घाई’ जास्त सहज येतं, आणि ठोकाही चुकत नाही, म्हणून तेच ठेवलं. याच्या उलट, ‘काव’ कागदावर तीन मात्रांचा आहे. म्हणताना आपण ‘का’ ओढतो आणि चार भरतात. ओळीच्या शेवटी ‘पाव’, ‘खार’, ‘कान’ असे शब्द ठेवले की ही ओढ आपोआप मिळते, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागाही मिळते.

आता उपदेशाकडे येते. तुमचं तिसरं आणि चौथं वाक्य मोठ्यांना उद्देशून आहे. दोन वर्षांच्या मुलाला ‘खरे मित्र’ ही कल्पना कळत नाही, आणि ‘वाटणे’ या शब्दाचा तर आपल्या भाषेत गोंधळच आहे: भीती वाटते, चटणी वाटतात, खाऊही वाटतात. मुलाला कळते ती कृती. हात पुढे येतो, हातात काहीतरी असतं, आणि कोणीतरी ‘हा घे’ म्हणतं. अख्ख्या पुस्तकातून ‘वाटणे’ हा शब्द काढून टाका आणि त्या जागी ‘हा घे’ ठेवा. तेच तुमचं पालुपद:

काव काव! ये रे, धाव!
हा घे, हा घे, हा घे पाव!

वाचणाऱ्याने प्रत्येक ‘हा घे’ला तळहात पुढे करायचा. तीन वेळा हात पुढे होतो, चौथ्या टाळीला ‘पाव’ येतो. दोन पानांनंतर मूल स्वतःचा हात पुढे करू लागतं. या वयात आपल्या हातातलं सोडणं फार अवघड असतं, म्हणून ‘देणं चांगलं’ असं सांगण्यापेक्षा देण्याचा खेळ करून बघणं त्यांना झेपतं.

पालुपदात व्याकरणाचा एक बारकावा आहे, तो चुकवू नका. चिमणीला आणि खारीला काऊ ‘ये रे’ म्हणणार नाही, ‘ये गं’ म्हणेल. ‘गं’ अनुस्वारामुळे गुरू आहे, त्यामुळे ठोका तसाच राहतो. पिल्लू नपुंसकलिंगी असलं तरी हाक मारताना आपण ‘ये रे’च म्हणतो. ‘हा घे’ मात्र कुठेही बदलत नाही, कारण ते पावाशी जुळतं, घेणाऱ्याशी नाही. हा एका अक्षराचा बदल मुलांना लगेच ऐकू येतो. एखाद्या आवृत्तीत घाईने सगळीकडे ‘ये रे’ छापलं गेलं, तर वाचणारी प्रत्येक आई तिथे थबकेल.

प्राण्यांपैकी बेडूक मी काढला आहे. बेडूक हलणारे किडे पकडतो, पावाकडे बघणारही नाही. गोष्टीत कावळा बोलतो ते चालतं, पण खाण्यापिण्याचं खरं असावं, कारण या पुस्तकाचा विषयच खाणं आहे. मुंगी मी ठेवली आहे, पण शब्दांत नाही. ती कुठे आहे ते शेवटी सांगते.

पानांची मांडणी शब्दांइतकीच महत्त्वाची आहे, आणि तुमच्या चौदा कडव्यांचा खरा प्रश्न तिथे आहे. जाड पुठ्ठ्याचं सोळा पानी पुस्तक धरू. पहिलं पान नावाचं. त्यानंतर २ आणि ३ समोरासमोर, मग ४ आणि ५, असं. म्हणजे पान उलटलं जातं ते विषम पानानंतर. ज्या कडव्याने उत्सुकता वाढते ते उजवीकडच्या विषम पानावर हवं, आणि उत्तर पान उलटल्यावर डावीकडे. सलग चौदा कडवी लिहिली की निम्म्या वेळा प्रश्न आणि उत्तर समोरासमोर छापले जातात, आणि मुलाला उलटण्यासाठी काही उरत नाही. मी मांडलेली अकरा कडवी अशी आहेत.

पान २
फांदीवरती बसला काऊ,
पायाखाली आहे खाऊ.

पान ३
भुरभुर आली चिमणीताई,
चिव चिव चिव चिव, केवढी घाई!

पान ४
काव काव! ये गं, धाव!
हा घे, हा घे, हा घे पाव!

पान ५
फांदीवरून खाली खार,
टुणटुण उड्या दोन चार.

पान ६
काव काव! ये गं, धाव!
हा घे, हा घे, हा घे पाव!

पान ७
खाली हलले पान पान,
दिसले कोणाचे हे कान?

पान ८
काव काव! ये रे, धाव!
हा घे, हा घे, हा घे पाव!

पान ९
एवढासा कण पायापाशी,
काऊ अजून तसा उपाशी.

पान १०
चिमणी थांबली. थांबली खार.
पिल्लूसुद्धा गप्पगार!

पान १२
काऊ, काऊ! ये रे, धाव!
हा घे, हा घे, हा घे पाव!

पान १३
चौघे बसले फांदीखाली,
खाऊ सरला, मज्जा झाली.

सातव्या पानावर पिल्लाचं नाव घेतलेलं नाही हे मुद्दाम आहे. चित्रात झुडपातून फक्त दोन लोंबते कान दिसावेत. मूल ‘भू भू’ म्हणतं, मग पान उलटतं, आणि आठव्या पानावर अख्खं पिल्लू समोर येतं. शब्दांनी आधीच ‘आले पिल्लू’ सांगितलं असतं तर हा क्षण गेला असता. पण तिन्ही प्राण्यांसाठी हेच करू नका. पहिल्या दोघी नाव घेऊन येतात म्हणून तिसऱ्याचं लपणं रंगतं.

यमकांकडेही एकदा बघा: काऊ-खाऊ, ताई-घाई, खार-चार, पान-कान, पायापाशी-उपाशी. जवळजवळ सगळीकडे ओळीच्या शेवटी एखादी वस्तू, प्राणी किंवा अवस्था आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला-झाला अशी यमकं हवी तेवढी आयती मिळतात, आणि मसुदा त्यांनी भरून जातो. ती चूक नाही, पण त्या अक्षरावर मुलाला दिसण्याजोगं काही नसतं. शेवटची टाळी सगळ्यात जोरात पडते, तिच्याखाली चित्रातली गोष्ट असावी. फक्त तेराव्या पानावर मी ‘झाली’ राहू दिलं आहे, कारण तिथे गोष्ट संपते आणि क्रियापदाचा विसावा बरा वाटतो.

नवव्या पानावर पुस्तकाचा सूर उतरतो. तुमच्या मसुद्यात काऊ देत जातो आणि आनंदी असतो, त्याचं काहीच कमी होत नाही, म्हणून देण्याला वजन येत नाही. पाव खरोखर संपायला हवा. चित्रकाराला लिहून द्या: दुसऱ्या पानावर पूर्ण गोल पाव, चौथ्यावर दोन तृतीयांश, सहाव्यावर एक तृतीयांश, आठव्यानंतर फक्त कण. मुलाला अपूर्णांक कळत नाहीत, पण मोठा पाव लहान होताना त्याला नेमका दिसतो. मी आधी नवव्या पानावर ‘काऊ बघतो, उरले काय’ अशी सुरुवात केली होती. पण काय उरलं ते चित्रात दिसतच होतं, आणि ‘काय’ला जुळणारा शब्द शोधताना उगाच काहीतरी घुसडावं लागत होतं. ओढूनताणून यमक आणायची वेळ आली की बहुतेकदा ती ओळच नको असते. ‘पायापाशी’ सुचला आणि त्यामागून ‘उपाशी’ आपोआप आला.

दहाव्या पानावर तिघं थांबतात आणि ‘गप्पगार’ म्हणून कडवं संपतं. समोरचं अकरावं पान मी बिनशब्दांचं ठेवलं आहे. तुम्हाला प्रत्येक पानावर कडवं हवं आहे हे माहीत आहे, तरी ही एक जागा सोडा. त्या पानावर फक्त तीन तुकडे दिसू देत: एक चिमणीच्या चोचीजवळ, एक खारीच्या पंजांत, एक पिल्लाच्या पुढच्या पायांत. दहाव्या पानापर्यंत ठोका सारखा वाजत होता, आता तो थांबतो. मूल वर तुमच्याकडे बघतं. मग पान उलटायचं.

बाराव्या पानावर पालुपद तेच आहे, फक्त ‘काव काव’च्या जागी ‘काऊ, काऊ’ आलं आहे. आता हाक मारणारे ते तिघं आहेत. ‘सगळ्यांनी काऊला दिलं’ असं वाक्य कुठेही नाही, बोलणारे बदलले एवढंच. मुलाला पालुपद पाठ झालेलं असतं म्हणून त्याला हा बदल ऐकूनच कळतो. इथे ‘म्हणून काऊलाही मिळालं’ असं एखादं कडवं घालायचा मोह तुम्हाला होईल. घालू नका, तोच उपदेश मागच्या दाराने परत येईल.

तेराव्या पानावर ‘फांदीवरती’ न म्हणता ‘फांदीखाली’ म्हटलं आहे, कारण पिल्लू झाडावर चढू शकत नाही. काऊनेच खाली यायचं. आठव्या पानावरही काऊ फांदीवरून तुकडा खाली टाकताना दाखवा.

आणि मुंगी. ती दुसऱ्या पानापासून प्रत्येक चित्रात कुठेतरी असू दे, खोडावर, पानामागे, हळूहळू पावाकडे सरकत. तिच्याबद्दल शब्द नाही. १४ आणि १५ हे शेवटचं जोडपान फक्त चित्राचं: चौघं पेंगुळलेले, आणि मुंगी नवव्या पानावरचा तो कण डोक्यावर घेऊन निघाली आहे. दहाव्यांदा पुस्तक वाचताना मूल ती शोधून काढतं आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून तिच्यासाठी वाचायला लावतं. मी तिच्यासाठी ‘हळूच आली मुंगीबाई’ अशी ओळ लिहिली होती, मात्राही चोख होत्या. पण ती ओळ असती तर मुलाला शोधण्यासारखं काही उरलं नसतं, म्हणून काढली.

भाषेचा एक निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. मी ‘हलले’, ‘दिसले’ अशी एकारान्त रूपं ठेवली आहेत. ‘हललं’, ‘दिसलं’ केलंत तरी मात्रा बदलत नाहीत आणि ते घरच्या बोलण्याच्या जवळ जाईल. कुठलंही घ्या, फक्त एकाच पुस्तकात दोन्ही मिसळू नका. ‘हलवी’, ‘उतरे’, ‘जाई’ अशी जुन्या कवितेतली रूपं मात्र टाळा. मात्रा भरायला ती फार सोयीची पडतात, पण या वयाच्या मुलाने ती कोणाच्या तोंडून ऐकलेली नसतात.

चाचणी अशी घ्या. छापील कागद अशा कोणाला द्या ज्यांनी मसुदा पाहिलेला नाही, आणि काही न सांगता मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही फक्त तुमच्या प्रतीवर ते जिथे अडखळतील तिथे रेघ मारा. तिघांकडून वाचून घ्या. एकाच ठिकाणी दोन रेघा पडल्या तर ती ओळ बदलायची, तुम्हाला कितीही आवडत असली तरी. माझ्या अंदाजाने पाचव्या पानावरचं ‘फांदीवरून’ तुम्हाला त्रास देईल. तिथे चौथी मात्रा सुटताच ‘व-रून’ असा लघु-गुरू येतो आणि काही जण ‘फांदीवरनं’ असं वाचतात. तसं झालं तर ‘फांदीवरनं’च छापा, तेही आठच भरतं.

मुलासोबत वाचाल तेव्हा आठव्या पानावर ‘हा घे, हा घे, हा घे...’ म्हणून थांबा. मूल ‘पाव’ म्हणालं तर पालुपद बसलं. गप्प राहिलं तर आधी तुमचा वेग बघा, बहुधा तुम्ही घाईने वाचत असता. वेग कमी करूनही दोन-तीन वाचनांत ‘पाव’ आला नाही, तर प्राणी आल्याची कडवी पालुपदापेक्षा जास्त लक्ष खात आहेत असं समजा, आणि त्यांच्यातला एखादा शब्द आणखी सोपा करा. पालुपदाला हात लावू नका.